दहा मिलीग्रॅम आणि गावचा गणपती: डोस स्थिर होण्याची आणि घरी औषध देण्याची एक केस

नव्याने रुजू झालेल्या समुपदेशकांना अफूजन्य पदार्थांच्या व्यसनावरची देखभाल-उपचारपद्धती समजावताना दोन प्रश्न हमखास येतात. रुग्णाचा डोस बसला हे कसं ओळखायचं? आणि औषध घरी न्यायला कधी द्यायचं? हे प्रश्न वेगवेगळे वाटले तरी एकमेकांत गुंतलेले आहेत. पुढची केस तेच दाखवते. रुग्णाचं नाव, काम आणि घरचे तपशील ओळख पटू नये एवढे बदलले आहेत. त्याला सुरेश म्हणू.

पार्श्वभूमी

सुरेश चौतिशीचा. मुंबईच्या उपनगरात राहतो, भाजी मार्केटमध्ये रात्री माल उतरवण्याचं काम करतो. घरी बायको आणि सात वर्षांची मुलगी. गाव रत्नागिरी जिल्ह्यात, तिथे आई, मोठा भाऊ आणि भावाचं कुटुंब. सुरेश अकरा वर्षं गर्द, म्हणजे हेरॉइन, ओढत होता, पन्नीवर. सुई कधी घेतली नाही. याआधी दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात भरती झाला होता. दोन्ही वेळा काही आठवडे शरीर कोरडं करून बाहेर पडला आणि महिन्याच्या आत पुन्हा सुरू झाला. दुसऱ्यांदा तर सवय मोडलेल्या शरीरात जुन्याच मापाने गर्द गेला आणि तो बेशुद्ध पडला. शेजाऱ्यांनी वेळेत रुग्णालयात नेलं म्हणून वाचला.

हा प्रसंग केसपेपरच्या पहिल्या पानावर ठळक लिहिलेला असावा लागतो. काही आठवडे बंद राहिलं की शरीराची सहनशक्ती उतरते. त्यानंतरची पहिली पुडी जुन्या प्रमाणात घेतली तर श्वास मंदावून माणूस जाऊ शकतो. देखभाल-उपचारात रोज ठरलेलं औषध मिळतं, त्यामुळे टर्की, म्हणजे नशा उतरल्यावरचा शारीरिक त्रास, येत नाही, सहनशक्ती टिकते आणि तलफ आवाक्यात राहते. माणूस कामावर जाऊ शकतो, घरी राहू शकतो.

आमच्याकडे यासाठी ब्युप्रेनॉर्फिन आणि नॅलॉक्सोन यांची एकत्र गोळी वापरतात. जिभेखाली ठेवायची, २ मिलीग्रॅमची. ब्युप्रेनॉर्फिन मेंदूतल्या अफूच्या जागा घट्ट धरून ठेवतं, पण त्या अर्धवटच चालवतं. म्हणून काही मर्यादेपुढे डोस वाढवला तरी श्वासावरचा परिणाम त्या प्रमाणात वाढत नाही. दारू किंवा झोपेच्या गोळ्या सोबत असल्या तर मात्र ही सुरक्षितता राहत नाही. लहान मुलांच्या बाबतीत तिच्यावर अजिबात विसंबू नये. नॅलॉक्सोन जिभेखालून जवळजवळ शोषलं जात नाही. कुणी गोळी विरघळवून सुईने घेतली तर मात्र ते काम करतं, आणि अशा माणसाला टर्की लागू शकते. घरी न्यायला एकत्र गोळी देतात ती यासाठी.

सुरुवात

पहिल्या दिवशी सुरेश सकाळी दहाला आला. शेवटची पुडी आदल्या रात्री अकराला, म्हणजे अकरा तास झालेले. हे अंतर महत्त्वाचं असतं. गर्द अंगात असतानाच ब्युप्रेनॉर्फिन दिलं तर ते गर्दला त्या जागांवरून हुसकून लावतं आणि स्वतः अर्धंच काम करतं, त्यामुळे तासाभरात जोराची टर्की लागते. एकदा हा अनुभव आला की रुग्ण ‘ही गोळी मला मारते’ म्हणत निघून जातो आणि सहसा परत येत नाही. म्हणून टर्कीची लक्षणं दिसायला लागेपर्यंत थांबतात. नाडी, घाम, बाहुल्या, जांभया, नाक वाहणं, अंगावर काटा अशी अकरा लक्षणं मोजणारं एक प्रमाणित मापन आहे. सुरेशचे गुण ११ आले. डॉक्टरांनी २ मिलीग्रॅम दिले, दीड तास बसवून ठेवलं आणि आणखी २ दिले. दुपारी त्याचं नाक थांबलं, पाय दुखायचे थांबले. ‘बऱ्याच दिवसांनी भूक लागली,’ असं तो म्हणाला.

अडचण: ४ मिलीग्रॅमवर अडकलेले अडीच आठवडे

दुसऱ्या दिवशी डोस वाढवायचा विचार होता. सुरेशच नको म्हणाला. त्याच्या भावाने फोनवर सांगितलं होतं, ‘गोळी वाढवून घेऊ नकोस, एक नशा सोडून दुसरी लागेल.’ बायकोलाही तसंच वाटत होतं. नवीन समुपदेशकाला हा संयम चांगला वाटला आणि ‘रुग्ण कमी डोसवर समाधानी’ अशी नोंद झाली. डोस ४ वर राहिला.

पुढच्या अडीच आठवड्यांत सुरेश रोज यायचा, गोळी घ्यायचा आणि आठवड्यातून तीन-चार वेळा गर्दही ओढायचा. लघवीच्या तपासणीत गर्द पकडणारी मॉर्फिनची पट्टी पॉझिटिव्ह येत होती. नोंदवहीत वाक्यं जमत गेली: ‘इच्छाशक्ती कमी’, ‘मार्केटमधली संगत’, ‘समुपदेशनाला प्रतिसाद नाही’.

आढाव्याच्या बैठकीत ही वही वाचली गेली तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. सुरेश गर्द कधी घेतो याची वेळ कुठेच लिहिलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी त्याला साधा प्रश्न विचारला: ‘गोळी घेतल्यावर किती वाजेपर्यंत बरं वाटतं?’

त्याचं उत्तर असं होतं: ‘संध्याकाळी सहा-सातपर्यंत ठीक. मग जांभया, डोळ्यांतून पाणी. रात्री कामावर गुडघे तुटतात. पहाटे चारला राहवत नाही.’

सकाळी दहाला दिलेलं औषध संध्याकाळी उतरत होतं. पहाटे चारची पुडी टर्की थांबवण्यासाठी होती. अशा पुडीला संगतीवरच्या कितीही बैठका पुरणार नाहीत. नव्या समुपदेशकांनी हा प्रश्न पाठ करून ठेवावा. तलफ सणासुदीला, पगाराच्या दिवशी, ठरावीक माणूस भेटल्यावर येत असेल तर तो समुपदेशनाचा विषय आहे. ती रोज घड्याळ लावल्यासारखी पुढच्या डोसच्या आधी येत असेल, सोबत जांभया, घाम आणि सांधेदुखी असेल, तर डोस अपुरा आहे असं आधी समजावं आणि त्याच दिवशी डॉक्टरांच्या कानावर घालावं.

पर्याय तपासले तेव्हा

लगेच डोस वाढवणं हा एक पर्याय होता. पण त्याआधी दोन गोष्टी पाहाव्या लागतात.

पहिली, गोळी पूर्ण लागते का. ब्युप्रेनॉर्फिन गिळलं तर बहुतेक वाया जातं. ते जिभेखाली पाच ते दहा मिनिटं विरघळू द्यावं लागतं. सुरेशला शेजारी बसून पाहिलं. तोंडात तंबाखूचा बार, तो थुंकून लगेच गोळी, दोन मिनिटांत आवंढा आणि बाहेर पडून चहा. तंबाखूमुळे आणि घाईमुळे औषधाचं शोषण कमी होतं. त्याला गोळीआधी अर्धा तास तंबाखू नाही, आधी घोटभर पाण्याने तोंड ओलं करायचं आणि गोळी पूर्ण विरघळेपर्यंत बोलायचं नाही, असं सांगितलं. चार दिवसांत फरक पडला: आता आठ-नऊपर्यंत ठीक जात होतं. पहाटेची तलफ मात्र तशीच होती. म्हणजे दोष पद्धतीत होता, आणि डोसही कमी होता.

दुसरी गोष्ट, सोबत आणखी काय घेतलं जातं. झोपेबद्दल नीट विचारल्यावर त्याने सांगितलं की झोप लागत नसेल तेव्हा तो ‘बटण’ घेतो. मुंबईत नायट्राझेपाम या झोपेच्या गोळीला रस्त्यावर हे नाव आहे. हे विचारलं नसतं तर मोठी चूक झाली असती. ब्युप्रेनॉर्फिन वाढवत असताना वर बटण किंवा दारू पडली तर श्वास मंदावण्याचा धोका आहे. बटण घेतो म्हणून औषध नाकारण्याचंही कारण नव्हतं, कारण उपचार थांबले की गर्द आणि बटण दोन्ही सोबत चालू राहतात. सुरेश बटण अधूनमधून घेत होता, रोज नाही, त्यामुळे ते हळूहळू उतरवत नेण्याची गरज नव्हती. रोज घेणाऱ्याचं मात्र अचानक बंद करायचं नसतं, त्याला आकडी येऊ शकते. ते डॉक्टर ठरवतात.

याशिवाय अडथळा घरच्यांचा होता. बायकोला बोलावून घेतलं. ‘ताई, गोळी घेतल्यावर ते झिंगलेले दिसतात का?’ असं विचारलं. ती म्हणाली, ‘नाही, उलट संध्याकाळी आजारी दिसतात.’ तिने स्वतः पाहिलेल्या गोष्टीवरूनच डोसचं कारण सांगता आलं. ‘नशा बदलली’ हा तिचा आक्षेप पूर्ण गेला नाही, पण वाढीला विरोध थांबला.

डोस बसताना

डॉक्टरांनी ४ वरून ६, दोन दिवसांनी ८ केलं. आठवर संध्याकाळच्या जांभया गेल्या, पहाटेची तलफ मात्र यायची. मग १०. दहावर तिसऱ्या दिवशी तो सलग झोपला. पुढच्या आठवड्यात त्याने एकदा गर्द ओढला आणि स्वतःच येऊन सांगितलं: ‘पुडी मारली पण लागली नाही. पैसे वाया गेले.’

अशा वाक्याला नवीन समुपदेशक दचकतात आणि घसरण म्हणून लिहितात. घसरण आहेच, ती नोंदवायची. पण वाक्याचा उत्तरार्ध डोसबद्दल सांगतो. औषधाने जागा एवढ्या व्यापल्या होत्या की गर्दला काही करता आलं नाही. डोस बसल्याची खूण म्हणून आम्ही चार गोष्टी एकत्र पाहतो: चोवीस तास टर्कीची लक्षणं नाहीत, गोळीनंतर गुंगी किंवा पेंग नाही, तलफेचं प्रमाण उतरलेलं आहे आणि वर घेतलेला गर्द लागत नाही. हे सगळं एकाच डोसवर किमान दोन आठवडे टिकलं तर डोस स्थिर म्हणायचा. बहुतेक रुग्ण ८ ते १६ मिलीग्रॅमच्या दरम्यान बसतात. पण तो आकडा समोर ठेवून माणूस त्यात बसवायचा नसतो.

सुरेश १० वर राहिला. बद्धकोष्ठता झाली, तिच्यावर औषध दिलं. ही तक्रार किरकोळ समजून सोडली तर रुग्ण स्वतःहून गोळ्या कमी करतो, म्हणून ती दर भेटीत विचारावी.

घरी औषध देण्याचा प्रश्न

भारतात राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या केंद्रांवर हे औषध रोज समोर बसवून देण्याची पद्धत रुजली. गोळी चुरून जिभेखाली द्यायची आणि तोंड तपासायचं. २०२० च्या टाळेबंदीत रोज येणं अशक्य झालं तेव्हा काही दिवसांचं औषध घरी देण्याची मुभा मिळाली. आमच्या केंद्रात मनोविकारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली एकत्र गोळी लेखी नियमांनुसार घरी देतात. पहिल्यांदा फक्त रविवारची एक मात्रा, मग दोन दिवस, मग तीन, आणि जास्तीत जास्त सात. प्रत्येक टप्प्यावर किमान दोन आठवडे. तुम्ही ज्या केंद्रात काम कराल तिथले नियम वेगळे असू शकतील आणि तेच पाळायचे आहेत.

नियमामागची कारणं समजली तर तो अडचणीत वाकवता येतो किंवा ठामपणे पाळता येतो. घरी दिलेल्या गोळीचे तीन धोके आहेत. ती विकली किंवा वाटली जाऊ शकते. रुग्ण एका दिवशी जास्त आणि दुसऱ्या दिवशी काहीच न घेता डोस विस्कटू शकतो. आणि ती लहान मुलाच्या हाती लागू शकते. तिसरा धोका सगळ्यांत कमी चर्चेत येतो आणि सगळ्यांत गंभीर आहे. मुलाने एक गोळी तोंडात धरली तरी श्वास थांबण्याइतका परिणाम होऊ शकतो.

रोज यायला लावण्यालाही किंमत आहे. सुरेशची रात्रपाळी सकाळी सहाला संपायची आणि केंद्र नऊला उघडायचं. तीन तास मार्केटमध्ये ताटकळताना त्याला गर्द विकणारे तेच लोक भेटायचे. रविवारची मात्रा आणि नंतर दोन दिवसांची सुरू झाल्यावर ही भेट कमी झाली, हे त्यानेच सांगितलं.

निर्णयाचा क्षण: गणपतीला नऊ दिवस

डोस स्थिर होऊन पाच आठवडे झाले होते. दोन दिवसांच्या टप्प्यावर असताना सुरेशने विचारलं, ‘गावी गणपती आहे. नऊ दिवसांच्या गोळ्या द्या.’

नियमाप्रमाणे उत्तर ‘नाही’ होतं. पण ‘नाही’ म्हटल्यावर काय होईल हे विचारायला हवं होतं. कोकणातला चाकरमानी गणपतीला गेल्यावाचून राहणार नाही. तो औषधाविना गेला असता तर दोन-तीन दिवसांत टर्की सुरू झाली असती. परतल्यावर तलफ तीव्र, सहनशक्ती उतरलेली, आणि मागची बेशुद्धी पहिल्या पानावर लिहिलेली होतीच.

नऊ दिवसांच्या गोळ्या हातात देणं म्हणजे दोन दिवसांवरून एकदम नऊवर उडी. एवढ्या मुदतीत तो औषध कसं वापरतो हे आम्ही कधी पाहिलं नव्हतं. गावच्या जवळपास दुसऱ्या केंद्राशी जोडून देणं उत्तम ठरलं असतं. चौकशी केली, पण रोज जाऊन यावं एवढ्या अंतरावर सोय नव्हती.

आणखी एक पर्याय पुढे आला: औषध बायकोच्या ताब्यात द्यायचं. हा पर्याय सोपा वाटतो आणि म्हणूनच विचार न करता निवडला जातो. तिला सुरेश समोर नसताना विचारलं. घरात मारहाण होते का, गोळ्यांवरून भांडण झालं तर ती नाही म्हणू शकेल का, तिला हे काम हवं आहे का. मारहाण नव्हती. पण ती म्हणाली, ‘किल्ली मी ठेवीन. रोज त्यांचं तोंड उघडून बघणार नाही.’ हे पटण्यासारखं होतं. बायकोला घरातला पहारेकरी केलं की नातं बिघडतं आणि गोळ्याही सुरक्षित राहत नाहीत.

काय केलं

प्रवास नऊवरून सात दिवसांवर आणायला सुरेश तयार झाला. निघायच्या सकाळी एक मात्रा केंद्रात समोर घ्यायची, पुढच्या सहा दिवसांच्या गोळ्या सोबत, सातव्या दिवशी केंद्रात हजर. दिवसाला पाच गोळ्या म्हणजे सहा दिवसांच्या तीस: दहाच्या तीन पट्ट्या, पाकिटातल्या सुट्या गोळ्या नाहीत. रिकाम्या पट्ट्या परत आणायच्या. चौथ्या दिवशी आम्ही फोन करणार आणि उरलेल्या गोळ्या मोजून सांगायच्या. डॉक्टरांची चिठ्ठी आणि केंद्राचं पत्र सोबत, कारण वाटेत तपासणी झाली तर कागदाशिवाय ही औषधं बाळगणं अडचणीचं ठरतं.

गोळ्या गावी कुठे ठेवायच्या ही चर्चा सगळ्यांत जास्त वेळ चालली. बायकोचं पहिलं उत्तर होतं, ‘देवघराशेजारच्या कपाटात ठेवीन.’ गणपतीत ते कपाट दिवसातून वीसदा उघडतं आणि घरात भावाचा तीन वर्षांचा मुलगा होता. शेवटी स्वतःच्या ट्रंकेत कुलूपबंद डबा, ट्रंकेची किल्ली तिच्या गळ्यात, असं ठरलं. मुलाच्या तोंडात गोळी गेली अशी शंका जरी आली तरी लक्षणांची वाट न पाहता १०८ ला फोन करायचा आणि गोळी कोणती ते डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं. पेंगणं, टाचणीएवढ्या बाहुल्या, संथ श्वास, निळसर ओठ ही लक्षणं दोघांकडून वदवून घेतली. सुरेशला वेगळं सांगितलं: विसर्जनाच्या दिवशी दारू किंवा बटण झालं तर त्या रात्रीची झोप धोक्याची आहे.

पुढे काय झालं

चौथ्या दिवशीच्या फोनवर सगळं नीट होतं. दहा गोळ्या उरल्या होत्या, हिशेब जुळत होता. सुरेश सातव्या दिवशी आला नाही, आठव्या दिवशी आला. परतीच्या एसटीचं तिकीट मिळालं नव्हतं आणि महामार्ग तुंबला होता. तिकिटाचं पाचव्या दिवशीच कळल्यामुळे त्याने शेवटच्या पाच गोळ्या दोन दिवसांत वाटल्या, सहाव्याला तीन आणि सातव्याला दोन. फोन केला नाही, ‘ओरडाल म्हणून’. शेवटची रात्र गाडीत जागून काढली, नाक वाहत होतं, टर्कीचे गुण ६.

ब्युप्रेनॉर्फिनचा एखादा दिवस चुकला तर सहसा आधीचाच डोस देता येतो. सलग पाचपेक्षा जास्त दिवस चुकले तर डॉक्टर नव्याने मोजमाप करून खालून सुरुवात करतात. सुरेशला त्या दिवशी १० मिलीग्रॅमच दिले. मेथाडोनवर असलेल्या रुग्णाला हा हिशेब लावायचा नाही. ते शरीरात साचतं आणि चुकलेल्या दिवसांनंतर जुना डोस घातक ठरू शकतो.

मग लघवीची तपासणी झाली आणि मॉर्फिनची पट्टी पॉझिटिव्ह आली. समुपदेशकाने तिथेच सांगितलं, ‘घरी औषध बंद.’ सुरेश चिडला, गर्द घेतलाच नाही म्हणाला, आणि उठून जायला निघाला.

इथे पट्टीबद्दल तीन गोष्टी माहीत हव्यात. या पट्ट्यांवर तपासणीच्या जागी फिकट रेघ दिसली तरी निकाल निगेटिव्ह असतो. रेघ अजिबात नसली तरच पॉझिटिव्ह. दुसरं, मॉर्फिनची पट्टी ब्युप्रेनॉर्फिन पकडत नाही, त्यासाठी वेगळी पट्टी लागते. म्हणजे ‘गोळीमुळे आलं असेल’ हे कारण चालत नाही. तिसरं, कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधाने आणि खसखशीने ती पॉझिटिव्ह येऊ शकते. खसखशीमुळेच अमेरिकेत सरकारी कर्मचारी-तपासणीची मर्यादा १९९८ मध्ये प्रति मिलीलिटर ३०० वरून २,००० नॅनोग्रॅमवर नेली गेली. आपल्याकडच्या बऱ्याच पट्ट्या ३०० वर काम करतात.

सुरेशने सात दिवस आरतीनंतर खिरापत खाल्ली होती: खोबरं, खारीक, खडीसाखर आणि खसखस. गावाहून परत निघायच्या आदल्या दिवशीच्या वाटपातही खसखस होती. त्याच वेळी औषध अपुरं पडलेल्या दोन दिवसांत गर्द घेतला असण्याचीही शक्यता होती. पट्टी या दोहोंत फरक करत नाही.

चर्चेत तीन मतं पुढे आली. घरी औषध बंद करावं. निकाल बाजूला ठेवून सात दिवसांचा टप्पा द्यावा. किंवा काही दिवस समोर डोस देऊन पुन्हा तपासावं. तिसरं निवडलं, आणि सुरेशला ते कसं सांगायचं याचीही तयारी केली: ‘निकाल का आला ते आम्हाला आज ठरवता येत नाही. दोन दिवस डोस विस्कटला होता, तो आधी बसवू. आठवडाभर रोज या, मधे आणि शेवटी तपासू, मग पुढचं बोलू. आणि इथून पुढे तपासणीआधी तीन दिवस खसखस नको.’ तो थांबला. चौथ्या आणि आठव्या दिवशीच्या पट्ट्या निगेटिव्ह आल्या. रिकाम्या तिन्ही पट्ट्या त्याने आणल्या होत्या. त्यानंतर दोन दिवसांचा टप्पा परत सुरू झाला.

सहाव्या महिन्यात सुरेश १० मिलीग्रॅमवरच होता आणि सात दिवसांचं औषध घरी नेत होता. मधे पगाराच्या रात्री एकदा गर्द झाला. तो स्वतः सांगायला आला. दोन आठवडे तीन दिवसांच्या टप्प्यावर आणलं, उपचार चालू ठेवले. डोस कमी करण्याची मागणी भावाकडून दर महिन्याला येते. सुरेश आता त्याला स्वतः उत्तर देतो.

वेगळं काय करता आलं असतं

अडीच आठवडे वाचवता आले असते. ‘कमी डोसवर समाधानी’ ही नोंद झाली त्या दिवशीच पुढच्या चोवीस तासांची विचारणा झाली असती तर सुरेशने त्या काळात घेतलेल्या पुड्या टळल्या असत्या. आता पहिल्या दोन आठवड्यांच्या पत्रकात दिवसाच्या चार वेळांच्या ओळी छापलेल्या आहेत: दुपार, संध्याकाळ, झोपताना, पहाटे. समुपदेशकाने प्रत्येक वेळेसमोर लक्षणं लिहायची आणि शेवटच्या रकान्यात गर्द घेतला असेल तर त्याची वेळ.

गणपतीच्या नियोजनात परतीचा उशीर आम्ही धरला नव्हता. महामार्गाची अवस्था सगळ्यांना माहीत असूनही. सहाऐवजी सात दिवसांच्या गोळ्या देऊन एक दिवसाची राखीव मात्रा वेगळ्या सीलबंद पाकिटात बायकोकडे ठेवता आली असती, फोन करूनच उघडायची या अटीवर. आमच्या टप्प्यांची कमाल मर्यादा सात असल्याने ते त्या मर्यादेत बसलं असतं. याहून महत्त्वाचं म्हणजे उशीर झाला तर फोन केल्यावर काय होईल हे त्याला निघण्यापूर्वी सांगायला हवं होतं. ‘उशीर झाला तर कळवा, औषध थांबणार नाही’ एवढं वाक्य ऐकलं असतं तर पाच गोळ्या दोन दिवसांत वाटण्याआधी त्याने बहुधा फोन उचलला असता.

पट्टीचा निकाल वाचून त्याच क्षणी शिक्षा जाहीर करण्याची पद्धत आम्ही बंद केली. निकाल आधी डॉक्टरांना दाखवायचा, रुग्णाला खाण्याचं आणि औषधांचं विचारायचं, मग निर्णय सांगायचा. काही सहकाऱ्यांना हे जास्त सैल वाटतं. त्यांचा मुद्दा असा की रुग्णांना खसखशीची सबब कळली तर प्रत्येक जण तीच सांगेल. त्यासाठीच तपासणीआधी तीन दिवस खसखस वर्ज्य ही अट आता घरी औषध देण्याच्या संमतीपत्रात लिहिली आहे. रुग्ण त्यावर सही करतो. अट मोडून पट्टी पॉझिटिव्ह आली तर पुढचा आठवडा समोर डोस, आणि हे त्याला आधीपासून माहीत असतं.